सात लाख तंतू आणि सहा किलोमीटर

फेब्रुवारी संपता संपता आमच्याकडे सगळे स्वेटर एकदा धुऊन माळ्यावर जातात. यंदा मी ते मशीनमध्ये टाकले आणि बाहेर येणारं पाणी मोरीत न सोडता बादलीत धरलं. त्यातलं तांब्याभर पाणी कॉफीच्या गाळणकागदातून हळूहळू गाळलं. कागद वाळल्यावर त्यावर तांबूस, मऊ साय धरल्यासारखा थर होता. भिंगाखाली पाहिलं तर नुसते धागे, मुलीच्या शाळेच्या लाल स्वेटरचे.

हे धागे लोकरीचे नव्हते. आपल्याकडे शाळेचे बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचे असतात, ज्याला आपल्या आया 'कॅशमिलॉन' म्हणत. ॲक्रिलिक म्हणजे खनिज तेलापासून बनवलेलं प्लास्टिक, फक्त धाग्याच्या रूपातलं. पॉलिएस्टर आणि नायलॉनही तसेच. तेव्हा कागदावर साचलेला थर म्हणजे बातम्यांमध्ये ज्याचं नाव सतत येतं ते मायक्रोप्लास्टिक होतं, आणि ते आमच्याच घरातून निघालं होतं.

## मायक्रोप्लास्टिक म्हणजे नेमकं काय

पाच मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण तुरीच्या दाण्यापेक्षा लहान असलेला प्लास्टिकचा कुठलाही कण म्हणजे मायक्रोप्लास्टिक. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांच्या 2004 मधल्या शोधनिबंधामुळे हा शब्द रूढ झाला. आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या फाटक्या पिशव्या आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या बाटल्या. पण काही मायक्रोप्लास्टिक कचऱ्यात जाण्याआधीच, वस्तू वापरात असतानाच तयार होतं. कपडा धुताना झडतो आणि टायर चालताना झिजतो. कोणी काही फेकलेलं नसतं, तरी कण निघत राहतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या 2017 च्या अंदाजानुसार अशा थेट कणरूपात समुद्रात पोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे 35 टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून आणि 28 टक्के टायरच्या झिजेतून येतं.

## कपडा झडतो कसा

कृत्रिम धागे दोन तऱ्हेचे असतात आणि त्यांतला फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं. एका तऱ्हेत धागा कारखान्यातून निघतो तोच अखंड, मैलोनमैल लांब. जॉर्जेटची साडी किंवा छत्रीचं कापड अशा धाग्याचं असतं. दुसऱ्या तऱ्हेत त्या धाग्याचे कापसासारखे छोटे तुकडे करतात आणि त्यांना पीळ देऊन सूत काततात. स्वेटर, टेरिकॉट, अनेक टी-शर्ट अशा सुताचे. अशा सुतात तंतूंची टोकं जागोजाग मोकळी असतात. पाण्यात घुसळलं की ती बाहेर येतात, एकमेकांत गुंततात आणि तुटतात. कपड्यावर जे गोळे धरतात ते म्हणजे अर्धवट तुटलेले तंतू. पूर्ण तुटलेले पाण्याबरोबर गेलेले असतात.

सगळ्यात जास्त झडणाऱ्या कपड्यांमध्ये येतं फ्लीस, म्हणजे थंडीच्या जॅकेटच्या आतलं आणि मऊ ब्लँकेटचं कापड. ते मऊ लागावं म्हणून त्याच्या पृष्ठभागावरचे धागे मुद्दाम ब्रशने ओढून मोकळे केलेले असतात. कापूस पिंजावा तसं ते आधीच पिंजलेलं असतं, मग धुताना झडणारच.

किती झडतं? प्लिमथमध्येच इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी 2016 मध्ये तीन कापडं घरगुती मशीनमध्ये धुऊन तंतू मोजले. सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यात ॲक्रिलिकमधून सात लाखांहून जास्त, पॉलिएस्टरमधून सुमारे 4 लाख 96 हजार आणि पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडातून सुमारे 1 लाख 38 हजार तंतू निघू शकतात, असा त्यांचा हिशोब आला.

## सात लाख म्हणजे किती वजन?

हा आकडा वाचून पोटात गोळा येतो. मलाही आला होता. पण आकड्याचं वजन काढून पाहिलं पाहिजे. असा एक तंतू साधारण 14 मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या जाडीच्या एक पंचमांशाच्या आसपास, आणि 5 मिलिमीटरच्या थोडा पुढे लांब. त्याचं घनफळ काढून ॲक्रिलिकच्या घनतेने गुणलं तर वजन येतं सुमारे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सात लाख तंतूंचं मिळून वजन झालं पाऊण ग्रॅमच्या आत.

आता हाच हिशोब टायरचा करू. लहान मोटारीचा टायर घ्या. त्याचा घेर जवळपास 1.95 मीटर, रस्त्याला टेकणारी रुंदी 13 सेंटिमीटर. नव्या टायरच्या खाचा सुमारे 8 मिलिमीटर खोल असतात आणि 1.6 मिलिमीटर उरल्या की टायर बदलायचा असतो. म्हणजे 6.4 मिलिमीटर रबर झिजून जातं. खाचांची मोकळी जागा म्हणून त्यातून तीस टक्के वजा करू. उरलेल्याचं वजन भरतं सुमारे 1.3 किलो. चार टायरचे मिळून पाच किलोंच्या वर. टायर 40 हजार किलोमीटर चालले असं धरलं तर दर किलोमीटरला सुमारे 130 मिलिग्रॅम रबर मागे पडतं.

म्हणजे सहा किलो स्वेटर धुऊन जेवढं प्लास्टिक निघतं, तेवढं मोटार पाच-सहा किलोमीटरमध्ये रस्त्यावर सांडते. आठवड्याला दोनशे किलोमीटर मोटार फिरत असेल तर 26 ग्रॅम. आणि आठवड्यात असे तीन घाणे धुतले तरी दोन ग्रॅमच्या थोडंच वर. हा माझा ढोबळ हिशोब आहे, टायर आणि चालक बदलला की आकडा बदलेल. स्कूटरचा तसाच हिशोब केला तर तो मोटारीच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाच्या आसपास येतो. पण पट इतका मोठा आहे की निष्कर्ष हलत नाही. ज्या घरात मोटार आहे त्या घराचं मोठं काम आधी मोटारीपाशी आहे.

## मग कपड्यांचा वाटा जास्त कसा सांगतात?

वर 35 टक्के कपड्यांना आणि 28 टक्के टायरला दिले, ते आणि माझा हिशोब जुळत नाही असं वाटेल. फरक वाटेत आहे. धुण्यातला तंतू जन्मतःच पाण्यात असतो. टायरचा कण रस्त्यावर पडतो, रस्त्याच्या बारीक खडीची भुकटी त्याला चिकटते, तो जड होतो आणि बराचसा कडेच्या मातीतच राहतो. उरलेला पावसाची वाट पाहतो.

पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्याचं एक कारण सांडलेलं तेल, दुसरं म्हणजे आठ महिने साचलेली धूळ, आणि त्या धुळीत रबराची भुकटी असते. मग दोन-तीन जोरदार सरी येतात आणि तो सगळा काळसर लगदा गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातो. या पाण्यावर सहसा कुठेच प्रक्रिया होत नाही.

## टायर तर रबराचा, प्लास्टिक कुठून आलं?

ही शंका रास्त आहे. पण मोटारीचा टायर निव्वळ झाडाच्या चिकाचा नसतो. त्यात नैसर्गिक रबराइतकंच किंवा त्याहून जास्त कृत्रिम रबर असतं, तेही खनिज तेलापासून बनवलेलं. शिवाय काजळी, गंधक आणि रबर तडकू नये म्हणून घातलेली रसायनं.

त्यांपैकी एका रसायनाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण टायरच्या भुकटीचं नुकसान इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे फारसं दिसलेलं नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटलच्या आसपास छोटे ओढे आहेत. तिथे समुद्रातून अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की काही तासांत भेलकांडत मरायचे, अंडी पोटात तशीच. वर्षानुवर्षं कारण सापडेना. कीटकनाशकं, धातू, सांडपाणी, एकेक संशयित सुटत गेला. संशोधकांनी मग टायरचा कीस पाण्यात भिजवला, त्या पाण्यातली हजारो रसायनं टप्प्याटप्प्याने वेगळी केली आणि प्रत्येक टप्प्यावर मासे कशाने मरतात ते पाहिलं. शेवटी हाती आलं एकच संयुग, आणि ते टायरमध्ये घातलेल्या रसायनांच्या यादीत नव्हतंच. टायरला हवेतल्या ओझोनपासून वाचवण्यासाठी 6PPD नावाचं रसायन घालतात. ते स्वतः ओझोनशी झटतं आणि त्या झटापटीत त्याचं 6PPD-क्विनोन होतं. तेच मारेकरी होतं. हे 2020 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं. सगळ्याच माशांवर ते असं चालत नाही, त्याच कुळातले चम सामन त्याच पाण्यात तग धरतात. म्हणून आपल्या नदीतल्या रोहूचंही तसंच होईल असं यावरून म्हणता येत नाही. पण टायर बनवताना न घातलेलं विष टायर वापरताना तयार होऊ शकतं, हे त्यातून कळलं.

## माणसाला काय होतं?

2022 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 22 जणांचं रक्त तपासलं आणि 17 जणांच्या रक्तात प्लास्टिकचे अंश सापडले. सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते पीईटी, ज्याच्या बाटल्या होतात आणि पॉलिएस्टरचे कपडेही. शरीरात सापडणं आणि शरीराला अपाय होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवरचा पुरावा अजून कच्चा आहे आणि इतके सूक्ष्म कण बिनचूक मोजण्याबद्दल शास्त्रज्ञांमध्येच वाद आहेत. मी घाबरून काही बदललं नाही. एकदा बाहेर गेलेला तंतू परत गोळा करता येत नाही, आणि तो निघतो तिथे अडवणं स्वस्त आहे, एवढं कारण मला पुरलं.

## सांडपाणी प्रकल्पात हे अडत नाही का?

अडतं, आणि चांगलंच अडतं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या एका प्रकल्पाचा 2016 मध्ये अभ्यास झाला. तिथे 98 टक्क्यांहून जास्त मायक्रोप्लास्टिक अडत होतं. तरीही पाण्याचा लोंढा एवढा मोठा की रोज सुमारे साडेसहा कोटी कण नदीत जात होते. अडलेलं जातं गाळात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात पडला तर तंतू पाण्यातून निघून जमिनीत आले, एवढंच.

आणि हे सगळं पाणी प्रकल्पापर्यंत पोचलं तर. याकडे मी शेवटी परत येईन.

## धुताना काय बदलायचं

सगळ्यात उपयोगी गोष्ट आपल्या समजुतीच्या उलट निघाली. नाजूक कपड्यांसाठी मशीनमध्ये 'डेलिकेट' बटण असतं. त्यावर कपडे कमी झडत असतील असंच कोणालाही वाटेल. न्यूकासल विद्यापीठात 2019 मध्ये मोजलं तेव्हा उलट दिसलं: त्या बटणावर नेहमीच्या धुण्यापेक्षा सरासरी आठ लाख तंतू जास्त निघाले. कारण कपड्यांच्या मानाने पाणी खूप असतं. डब्यात चार लाडू ठेवून डबा हलवला तर ते आपटून फुटतात. डबा भरलेला असला तर हलत नाहीत. तसंच हे. म्हणून मशीन भरून लावायचं, अर्ध्या मशीनला भरपूर पाणी घ्यायचं नाही. पाणी थंड आणि वेळ कमी ठेवायचा. नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात 15 अंशांवर अर्ध्या तासाचं धुणं आणि 40 अंशांवर 85 मिनिटांचं धुणं यांची तुलना केली, तेव्हा पहिल्यात तंतू 30 टक्के कमी निघाले. पुढून उघडणारं मशीन वरून उघडणाऱ्यापेक्षा कमी झडवतं, पण चालू मशीन त्यासाठी बदलू नये. नवीन घ्यायची वेळ येईल तेव्हा लक्षात ठेवावं.

हाताने धुणाऱ्यांसाठी चांगली बातमी आहे. चीनमधल्या 2023 च्या एका अभ्यासात पॉलिएस्टरचं कापड मशीनमध्ये धुतल्यावर सरासरी 23,723 तंतू निघाले, हाताने धुतल्यावर 1,853. मात्र आधी भिजत घालणं, साबण आणि घासायची फळी यांनी हाताच्या धुण्यातलीही झड वाढते. फ्लीस आणि स्वेटरवर ब्रश फिरवू नये, धोपटू तर मुळीच नये. ब्लँकेट, जॅकेट यांना दरवेळी धुण्याची गरजही नसते. दुपारभर कडक ऊन दाखवलं की वास जातो.

आता जाळी. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये एक छोटी जाळीची पिशवी असते, तिच्यात राखाडी बोळा साचतो. तिची भोकं तंतूंच्या मानाने दरवाज्याएवढी असल्यामुळे बरेचसे तंतू निसटतात, पण जे अडकतात तेही थोडे नसतात. ही पिशवी मी कित्येक वर्षं नळाखाली धरून स्वच्छ धूत आले, म्हणजे अडवलेलं सगळं हाताने सोडून देत आले. ती वाळू द्यायची, बोळा चिमटीने सोलून काढायचा आणि सुक्या कचऱ्यात टाकायचा. बाहेरच्या पाइपला लावायचे बारीक जाळीचे फिल्टर मिळतात, त्यांनाही हाच नियम. टोरांटो विद्यापीठाच्या चाचणीत असा एक फिल्टर 87 टक्के तंतू अडवताना दिसला, तर मशीनमध्ये टाकायचा एक चेंडू फक्त 26 टक्के. प्लिमथच्या चाचणीत बारीक जाळीच्या धुण्याच्या पिशवीने 54 टक्के अडवले. फिल्टर लावला तर तो तुंबण्याआधी साफ करावा लागतो. पाणी उपसताना मशीन गुरगुरायला लागलं किंवा तळाशी पाणी उरायला लागलं की समजावं, तो भरला.

## म्हणजे आता सुतीच घालायचं?

सुती कपडेही झडतात, अनेकदा जास्तच. 2020 मध्ये सहा सागरी प्रदेशांतल्या पाण्याच्या नमुन्यांतले तंतू तपासले गेले, तेव्हा कृत्रिम निघाले फक्त 8 टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक कापूस, व्हिस्कोस अशा वनस्पतीजन्य धाग्यांचे होते. हे तंतू कालांतराने कुजतात, रंगवलेले असले तर सावकाश. पॉलिएस्टर कुजायला फार काळ घेतं. म्हणून कपाटातला आहे तो टेरिकॉटचा शर्ट फेकून सुती आणण्यात काही लाभ नाही. अनेक चाचण्यांत नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत सगळ्यात जास्त झडताना दिसतो. जुना शर्ट आणखी तीन वर्षं वापरणं हेच बरं.

## मोटारीपाशी काय करायचं

टायर झिजतो तो फिरल्याने कमी आणि घसरल्याने जास्त. खोडरबर कागदावर लोळवलं तर कीस पडत नाही, दाबून ओढलं की पडतो. जोरात पिकअप घेताना, करकचून ब्रेक मारताना आणि वेगात वळण घेताना टायर रस्त्यावर असाच थोडा ओढला जातो. पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय उचलून गाडी आपोआप मंदावू देणं, ही त्यातली सगळ्यात सोपी सवय. विजेवरच्या मोटारी याला अपवाद नाहीत. बॅटरीमुळे त्या जड असतात आणि सुरुवातीचा जोर एकदम येतो, त्यामुळे उतावीळ पायाखाली त्यांचे टायर लवकर झिजतात.

हवा महिन्यातून एकदा, सकाळी गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना तपासावी. आकडा पाहायचा तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा त्या टायरला झेपणारा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. पंपावर ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. टायर पाहूनही कळतं. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी राहिली, मध्य झिजला तर जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. ते आधी ओळखण्याची युक्ती म्हणजे गाडी बंद असताना टायरवरून तळवा आडवा फिरवायचा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर चाक किंचित तिरकं चालतंय आणि प्रत्येक किलोमीटरला रबर खरवडलं जातंय.

बाकीचं कारखान्यांच्या हातात आहे. युरोपीय संघाने 2024 मध्ये मंजूर केलेल्या युरो 7 नियमांत पहिल्यांदाच टायरच्या झिजेवर मर्यादा आली आणि मोटारींच्या टायरच्या नव्या प्रकारांना ती 2028 पासून लागू होईल. कपड्यांच्या बाजूला फ्रान्सने नव्या वॉशिंग मशीनमध्ये तंतू अडवणारी सोय असावी असा कायदा 2020 मध्ये केला. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक 2023 मध्ये राज्यपालांनी खर्चाचं कारण देऊन अडवलं.

## एका घराने काय होणार?

कॅनडातल्या पॅरी साउंड या गावात हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. 97 घरांच्या मशीनना फिल्टर लावले. गावातल्या सांडपाणी प्रकल्पाला जोडलेल्या घरांपैकी ती जेमतेम दहा टक्के होती. तरी प्रकल्पातून शेवटी बाहेर पडणाऱ्या पाण्यात तंतू 41 टक्क्यांनी कमी मोजले गेले.

आमच्या इमारतीत मात्र प्रश्न त्याच्याही आधीचा निघाला. आपल्याकडे अनेक जुन्या इमारतींत मशीन नंतर आलं आणि बाथरूममध्ये जागा नाही म्हणून गॅलरीत बसलं. गॅलरीतलं भोक पावसाच्या पाण्यासाठी असतं. ते बऱ्याचदा मलवाहिनीला जोडलेलंच नसतं, सरळ रस्त्याकडेच्या गटारात उतरतं. तसं असेल तर वरचे सगळे 98 टक्के आपल्यासाठी शून्य.

आमच्या प्लंबरने तपासायची रीत दाखवली. बादलीभर पाण्यात खाण्याचा लाल रंग कालवून मी गॅलरीत ओतला आणि तो खाली एकेक चेंबर उघडून पाहत होता. मागच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये काही आलं नाही. दोन मिनिटांनी त्याने पुढून हाक मारली, "ताई, इकडे या." पावसाच्या गटारात, पिंपळाच्या पानांमधून लाल पाणी वाहत होतं. मशीनचा पाइप भिंतीतून बाथरूमच्या नहाणी ट्रॅपपर्यंत नेण्याचं काम अर्ध्या दिवसात झालं. आता त्याच बादलीत रंग कालवून वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या तपासायच्या आहेत, पावसाच्या आधी.